कांजिण्यांची आठवण शरीरात कुठे राहते?

प्रश्न: मी नववीत आहे, नाशिकला सिडकोत राहते. मोठ्या शिशुत असताना मला कांजिण्या झाल्या होत्या. आता धाकट्या भावाला आल्यात. आई म्हणते, तुला परत होणार नाहीत, तूच त्याला जेवण नेऊन देत जा. पण ९ वर्षांपूर्वीच्या अँटीबॉडी अजून रक्तात कशा असतील? त्या संपत नाहीत का? आणि आजीला तर आठवतच नाही की तिला कधी झाल्या होत्या की नाही. तिचं काय?

उत्तर:

आईचं बरोबर आहे, आणि तुझी शंकाही बरोबर आहे. त्या वेळच्या अँटीबॉडी केव्हाच संपल्या.

हिशेब करून बघ. रक्तात जास्त काळ टिकणाऱ्या मुख्य अँटीबॉडीला आयजीजी म्हणतात. रक्तात आलेल्या आयजीजीपैकी निम्म्या साधारण तीन आठवड्यांत मोडीत निघतात. पुढच्या तीन आठवड्यांत उरलेल्यांतल्या निम्म्या. वर्षभरात हे निम्मं होणं १७ वेळा होतं. दोनचा सतरावा घात काढलास तर १,३१,०७२ येईल. म्हणजे एका वर्षात लाखातली जेमतेम एक उरते, आणि तुझी तर ९ वर्षं झाली. तरीही आज तुझं रक्त तपासलं तर कांजिण्यांची आयजीजी त्यात बहुतेक सापडेलच. याचा अर्थ एकच, ती तुझ्या शरीरात आजही ताजी तयार होते आहे.

तान्ह्या बाळाकडे पाहिलं की हे आणखी पटतं. बाळाला आईकडून तयार अँटीबॉडी मिळतात, पण त्या बनवणाऱ्या पेशी मिळत नाहीत. म्हणून काही महिन्यांत तो साठा संपतो, आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर ठेवलेला असतो. त्याआधी दिला तर आईच्या उरलेल्या अँटीबॉडीच लसीला अडवतात.

आता तुझ्या पहिल्या वेळेकडे येऊ. तुला फोड दिसले त्याच्या साधारण दोन आठवडे आधीच विषाणू श्वासावाटे आत शिरला होता. शरीर तेव्हा झोपलेलं नव्हतं, शोधत होतं. बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, आणि प्रत्येकीला एकाच ठरावीक आकाराची अँटीबॉडी बनवता येते. कोणता जंतू येणार हे आधी माहीत नसतं, म्हणून शरीर लाखो निरनिराळ्या आकारांच्या पेशी तयार ठेवतं. त्यामुळे आलेल्या विषाणूला बसेल अशी पेशी लाखात एखादी असते. ती आणि विषाणूचा तुकडा यांची गाठ पडायची, मग मदतनीस टी पेशी या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशीने तिला दुजोरा द्यायचा, मग तिने एकाच्या दोन, दोनाच्या चार होत वाढायचं, आणि त्यानंतर अँटीबॉडी सोडायला लागायचं. रक्तात मोजण्याइतक्या अँटीबॉडी दिसेपर्यंत आठवडा सहज जातो. पहिल्या येतात त्या आयजीएम. त्यांची पकड सैल असते, पण एका रेणूला पकडीच्या दहा जागा असतात, त्यामुळे काम भागतं.

ही सगळी धावपळ होते लसिका ग्रंथींत. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, ती सुजलेली गाठ म्हणजे हीच ग्रंथी. सूज येते कारण आत पेशींची गर्दी झालेली असते. आणि त्या गर्दीत जे घडतं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटतं. वाढताना या बी पेशी आपल्या अँटीबॉडीच्या जनुकात मुद्दाम लहान लहान चुका करतात. बहुतेक चुकांनी पकड बिघडते, आणि त्या पेशी मरतात. एखादीची पकड सुधारते, ती टिकते, वाढते आणि पुन्हा चुका करते. निफाड-दिंडोरीकडे निर्यातीच्या द्राक्षांची निवड पाहिली आहेस का? मापात न बसणारा मणी कात्रीने काढतात, मग घड पुन्हा तपासतात. इथेही तशाच फेऱ्यांवर फेऱ्या चालतात, फरक एवढाच की दर फेरीला माल स्वतःहून थोडा बदलून येतो. काही आठवड्यांनी उरतात त्या पेशींची पकड सुरुवातीच्या पेशीपेक्षा कितीतरी घट्ट असते. त्याच दरम्यान बहुतेक पेशी आयजीएम सोडून आयजीजी बनवायला लागतात. तुझे फोड वाळून खपल्या पडल्या तरी हे काम आत चालूच होतं.

या निवडीतून दोन प्रकारच्या पेशी मागे राहतात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या दोघींत वाटलेलं आहे.

पहिल्या प्लाझ्मा पेशी. त्यांतल्या काही हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं अँटीबॉडी सोडत राहतात. एकेक पेशी सेकंदाला हजारांच्या घरात अँटीबॉडी सोडते. तुझ्या रक्तातली आजची आयजीजी त्यांनीच बनवलेली. दुसऱ्या स्मृतिपेशी. त्या अँटीबॉडी सोडत नाहीत, नुसत्या फिरत राहतात, ग्रंथींत थांबतात, वाट बघतात.

आता भाऊ शिंकला आणि विषाणू तुझ्या नाकात गेला असं समज. (गेलाच असेल. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशा घरच्यांपैकी दहातल्या नऊ जणांपर्यंत हा आजार पोहोचतो.) पहिली अडचण त्याला तयार आयजीजीची. ती त्याला चिकटते, तो पेशींत शिरू शकत नाही. यातून काही निसटले तर स्मृतिपेशी जाग्या होतात. त्या किती वेळ वाचवतात याचा अंदाज घेऊ. हिशेबासाठी धर की पेशी १२ तासांत दुप्पट होते, आणि पहिल्या वेळी जिथे एक योग्य पेशी होती तिथे आता सव्वाशे स्मृतिपेशी आहेत. एकाच्या १२८ व्हायला सात वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे साडेतीन दिवस. ते साडेतीन दिवस तुझे आधीच वाचले. शिवाय या पेशी पटकन चेततात, आणि त्यांची पकड निवडून सुधारलेली आहे. म्हणून दुसऱ्या वेळी अँटीबॉडी दोन-चार दिवसांत वाढू लागतात आणि पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त होतात.

कांजिण्यांचा विषाणू संथ आहे, अंगावर यायला त्याला १० ते २१ दिवस लागतात. चार दिवसांत फौज तयार होत असेल तर तो हरणारच. फ्लूचा विषाणू दोन दिवसांतच ताप आणतो, तिथे एवढी सवड नसते. त्यातून तो आपलं रूपही बदलत राहतो.

ही आठवण किती वर्षं टिकते? १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला होता. सुमारे ७,८०० वस्तीतले ६,००० लोक आजारी पडले. त्याआधीची साथ होती १७८१ मधली, आणि मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर नव्हताच. पानुमने नोंदवलं की लहानपणी १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. अँटीबॉडी हा शब्दही तेव्हा नव्हता.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये २७ वर्षं काढली, त्यामुळे ही आठवण मला रिपोर्टवर दिसायची. आयजीएम असेल तर मामला बहुतेक ताजा, नुसती आयजीजी असेल तर जुना किंवा लसीचा. आयजीजी पॉझिटिव्ह वाचून लोक घाबरून यायचे, आणि मला दर वेळी सांगावं लागायचं की अहो, ही चांगली बातमी आहे.

पावसाळ्यात डेंग्यूच्या तपासण्या सुरू झाल्या की मात्र हे इतकं सरळ राहत नसे. काही पेशंटच्या तपासणीच्या कार्डावर तापाच्या पहिल्याच आठवड्यात आयजीजीची रेघ गडद आणि आयजीएमची पुसट किंवा गायब. ती दुसऱ्या वेळेची खूण. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने आजारी पडलीस तर त्याच्यापासून पुढे संरक्षण मिळतं, पण नंतर दुसरा प्रकार आला की स्मृतिपेशी घाईने जुन्याच मापाच्या अँटीबॉडी बनवतात. त्या नव्या प्रकाराला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. आणि अँटीबॉडी चिकटलेली वस्तू गिळणं हेच काम असलेल्या पेशी त्याला आत घेतात, तिथे तो वाढतो. म्हणून डेंग्यूची दुसरी खेप काही वेळा पहिलीपेक्षा धोक्याची ठरते. कांजिण्यांच्या विषाणूचा असा निरनिराळा अवतार नाही, तुला ती भीती नको.

पण त्याची दुसरी एक खोड आहे. तो शरीरातून पूर्ण जात नाही. फोड बरे झाल्यावर तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या मुळाशी लपतो. तो पेशींच्या आत असल्यामुळे अँटीबॉडी तिथे पोहोचत नाही, त्याला दाबून ठेवतात त्या स्मृती टी पेशी. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती खालावली की हा पहारा ढिला पडतो, आणि विषाणू त्या एका मज्जातंतूवाटे कातडीवर येतो. तीच नागीण. विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, असं आपल्याकडे अजून म्हणतात. ते खोटं आहे. एका बाजूच्या मज्जातंतूची हद्द तिथेच संपते, म्हणून पट्टा बहुतेकदा अर्ध्यावरच थांबतो.

आता आजींचं. आठवत नसलं तरी त्यांच्या पिढीत बहुतेकांना लहानपणी होऊन गेलेल्या असतात, कधी इतक्या सौम्य की कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. खात्री हवी तर लॅबमध्ये व्हेरिसेला आयजीजी तपासणी मागा. पॉझिटिव्ह आली तर त्यांच्या पेशींना आठवतंय. निगेटिव्ह आली तर लगेच डॉक्टरांना फोन करा, आणि त्या कॅन्सरच्या किंवा स्टिरॉइडच्या औषधांवर असतील तर रिपोर्टची वाटही न बघता आजच करा. मोठेपणी कांजिण्या जड जातात, फुप्फुसांपर्यंत जाऊ शकतात, आणि संपर्कानंतर करायचे उपाय पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. घरात कोणी गरोदर असेल तर तिच्यासाठीही हेच. भावाच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आजींची खाट दुसऱ्या खोलीत हलवा. त्याचं ताट मात्र तू नेत जा. आणि ताप आला तर त्याला ॲस्पिरिन देऊ नका, कांजिण्यांत लहान मुलांना त्याने यकृत आणि मेंदूचा गंभीर त्रास होऊ शकतो.