पेपर वाचता येतो, पण डावीकडून आलेला माणूस दिसत नाही

«माझे वडील ७७ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गुहागर तालुक्यातल्या गावी ते आणि आई दोघेच राहतात, मी ठाण्याला असते. बाबांना सहा वर्षांपासून काचबिंदू आहे, थेंब चालू आहेत. वर्षभरात गाडीच्या डाव्या बाजूला चार-पाच ओरखडे आले. गेल्या महिन्यात डावीकडून आलेला सायकलवरचा मुलगा थोडक्यात वाचला. आई शेजारी बसून “डावीकडे माणूस आहे” असे सांगत असते. मी गाडी सोडा म्हटले की बाबा म्हणतात, “मी चष्म्याशिवाय पेपर वाचतो, लायसन्सला अजून तीन वर्षे आहेत.” गणपतीत सगळ्यांसमोर विषय काढला, तर ते ताटावरून उठून गेले. आता काय करू?»

तुमच्या पत्रातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे ते ओरखडे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे नवशिक्याची डावी बाजू घासते, यात नवल नाही. पण वर्षानुवर्षे त्याच गडग्याच्या कडेने गाडी काढणाऱ्या माणसाची तीच बाजू वारंवार घासू लागली, तर हात-पाय मंदावले असे म्हणण्याआधी त्या बाजूचे दिसणे शाबूत आहे का, हे पाहायला हवे. तुमच्या वडिलांचे वय हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवा. तुमचे बोलणे त्यांच्या नजरेविषयी असायला हवे.

त्यांचे पेपर वाचणे खरे आहे, आणि ते खरे असूनही त्याने काहीच सिद्ध होत नाही. काचबिंदू बहुधा नजरेच्या मध्यभागाला शेवटपर्यंत हात लावत नाही. तो कडेची नजर खात जातो. अक्षरे मध्यभागाने वाचली जातात, रस्ता मात्र कडेच्या नजरेने सांभाळला जातो. शिवाय एका डोळ्यात जे निसटते ते दुसरा डोळा बराच काळ भरून काढतो आणि उरलेली उणीव मेंदू आजूबाजूच्या चित्राने बुजवून टाकतो. त्यामुळे तुमच्या वडिलांना डावीकडे काळा पडदा दिसत असेल असे समजू नका. त्यांना रस्ता, गडगा, झाडी सगळे सलग दिसते. त्यातला सायकलवरचा मुलगा तेवढा नसतो. “मला नीट दिसते” असे ते म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात, आणि तुम्ही त्यांना हट्टी म्हणता तेव्हा त्यांना ते जिव्हारी लागते, ते यामुळेच.

लायसन्सचे उत्तरही असेच आहे. अर्जासोबतच्या नमुन्यात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, हे विचारलेले असते. ही परीक्षा मध्यभागाच्या नजरेची आहे, तेव्हा तुमचे वडील ती आजही सहज उत्तीर्ण होतील. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांसाठी मिळते, आणि काचबिंदू पाच वर्षे थांबून राहत नाही.

तेव्हा वाद घालण्याआधी एक तपासणी करून घ्या. तिला दृष्टिक्षेत्राची तपासणी किंवा पेरिमेट्री म्हणतात. काचबिंदूच्या रुग्णाची ती अधूनमधून व्हायलाच हवी असते. शेवटची केव्हा झाली, हे आधी फाइलमध्ये पाहा. मला वाटते, त्यांच्या भेटी डोळ्यांचा दाब मोजणे आणि थेंब पुन्हा लिहून देणे एवढ्यावरच थांबल्या असाव्यात. चिपळूण किंवा रत्नागिरीच्या नेत्ररोगतज्ज्ञांकडे फोन करून हे यंत्र आहे का, ते विचारा आणि सकाळची वेळ घ्या. एक डोळा झाकून माणूस एका पांढऱ्या गोलाकार पडद्यासमोर हनुवटी टेकवून बसतो, मधल्या खुणेवरून नजर हलवायची नाही, आणि कडेला बारीक उजेड लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. एका डोळ्याला साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. पहिल्या वेळी पुष्कळांची नजर हलते, दमणूक होते आणि निकाल भरवशाचा येत नाही. तसे झाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागेल, म्हणून मुक्कामाच्या तयारीने जा. त्याच भेटीत बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर पुढचे काही तास धूसर दिसते. तेव्हा जाता-येता गाडी दुसऱ्याने चालवायची, हे आधीच ठरवा आणि त्यांना कारण सांगा. ते कारण त्यांना पटण्याजोगे आहे.

यंत्रातून निघणाऱ्या कागदावर न दिसणारा भाग काळा किंवा करडा छापून येतो. डॉक्टरांना विनंती करा की तो कागद वडिलांच्याच हातात द्यावा, तुमच्या नव्हे, आणि दोन्ही डोळे मिळून डावीकडे किती दिसते व या नजरेने गाडी चालवावी का, याचे उत्तर त्यांनाच स्पष्ट शब्दांत द्यावे आणि केसपेपरवर लिहावे. ज्यांनी आयुष्यभर वहीतली चूक मुलांना दाखवून दिली, त्यांना कागदावर मांडलेली गोष्ट कळते. लेकीच्या काळजीपेक्षा तो कागद त्यांना अधिक मान देणारा आहे.

इथे दोन शक्यता मोकळ्या ठेवा. अडचण मोतीबिंदूची निघाली, किंवा काचबिंदूच्या जोडीला मोतीबिंदूही असला, तर शस्त्रक्रियेने समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपणे आणि धूसरपणा बराच कमी होतो आणि मग गाडीचा निर्णय पुन्हा तपासून घेता येतो. काचबिंदूने गेलेली कडेची नजर मात्र परत येत नाही; थेंब राहिलेली नजर राखण्यासाठी असतात. त्यांना हे माहीत नसेल, तर थेंबांनी बरे होईल या आशेवर ते थांबलेले असू शकतात. दुसरे असे की, डावीकडचे न दिसणे थोड्या दिवसांत एकदम सुरू झाले असेल, किंवा ताटातला डावीकडचा घास राहून जातो, डावा हात जड वाटतो, असे आईला जाणवले असेल, तर तो विकार डोळ्याचा नसून मेंदूचा असू शकतो. तेव्हा तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

बोलणे तपासणीनंतर दोन-तीन दिवसांनी करा. सकाळचा चहा झाल्यावर, ओटीवर, दोघेच. गणपतीत जे झाले ते विषयामुळे झाले नाही, ते पंगतीमुळे झाले. “बाबा, तो काळा भाग आपण दोघांनी पाहिला. तिकडून कोणी आले आणि तुम्हाला दिसले नाही, यात आजवर तुमचा दोष नव्हता. आता मात्र आपल्याला माहीत झाले आहे.” एवढे म्हणून थांबा. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर, म्हणजे जवळपास एका एसटीच्या लांबीइतकी पुढे जाते. माणूस एक सेकंद उशिरा दिसला तर ब्रेकवर पाय जाण्याआधीच तेवढे अंतर संपलेले असते, आणि या वयात पायही थोडा उशिराच जातो. हे गणित त्यांना कागदावर करू द्या. धोकादायक आजार माहीत असताना वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८६व्या कलमाखाली गुन्हा आहे, हे त्यांनी विचारले तरच सांगा. तुमच्या तोंडून आधी आले तर ती धमकी वाटेल.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही याच्या उलट केले. बोलण्याचे धैर्य नव्हते, म्हणून किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. ती त्यांना दुसऱ्याच दिवशी सापडली. ते काही बोलले नाहीत, किल्ली जेवणाच्या पाटावर ठेवून उठले आणि त्यानंतर महिनाभर माझ्या हातचा चहा त्यांनी घेतला नाही. गाडी ते पुढेही चालवत राहिले. किल्ली लपवू नका, बॅटरीची वायर काढू नका. निर्णय कळल्यावर किल्ली कुणाकडे ठेवायची, हे त्यांनाच ठरवू द्या.

तुम्ही थांबल्यावर ते बहुधा म्हणतील, “मग मी काय घरात बसून राहू?” हा टोमणा समजू नका, या पूर्ण प्रकरणातला हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याकडे आधीच तयार असायला हवे. ते गाडीने आठवड्यात कुठे कुठे जातात, हे आईकडून वार आणि वेळेसह लिहून घ्या. गुहागरचा बाजार, बँक, देऊळ, एखाद्या जुन्या सहकाऱ्याचे घर, एवढेच निघेल. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे आणि स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, पण केवळ त्यावर विसंबू नका. थांब्यापासून वाडीपर्यंतची घाटी, पावसाळ्यात शेवाळलेले चिरे आणि कडेची नजर गेलेला माणूस हे एकत्र आले की पडणे ठरलेले. वाडीतल्या विश्वासातल्या रिक्षावाल्याशी बाजाराचा आणि देवळाचा वार ठरवून टाका आणि तो दारापर्यंत येईल असे पाहा. भाडे परस्पर तुम्ही भरू नका. गाडीचे पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग यांवर वर्षाला जाणारा पैसा त्यांच्याच हातून रिक्षाकडे वळू दे, म्हणजे रिक्षा त्यांनी बोलावलेली असेल, तुम्ही पाठवलेली नव्हे. गाडी लगेच विकायलाही काढू नका. तुम्ही गावी जाल तेव्हा ती चालवा आणि त्यांना शेजारी बसवा.

एवढे करूनही त्यांनी ऐकले नाही, तर केसपेपरची प्रत जोडून परिवहन कार्यालयाला लेखी कळवता येते. आजारपणामुळे चालक अपात्र वाटल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र मागण्याचा किंवा लायसन्स रद्द करण्याचा अधिकार त्यांना १६व्या कलमाने दिलेला आहे. हा मार्ग घरातले नाते दुखावणारा आहे, तरी रस्त्यावरच्या मुलाच्या तुलनेत मी तोही स्वीकारीन.

राहिल्या तुमच्या आई. त्यांना आज रात्रीच फोन करा. शेजारी बसून वाट सांगणे ही त्यांची माया आहे, पण आई बघून बोलणार, बाबा ऐकून ब्रेक दाबणार, यात तोच एक सेकंद जातो, आणि ज्या दिवशी बाबा एकटे निघतील त्या दिवशी सांगायला कुणी नसेल. तपासणी होईपर्यंत त्यांनी गाडीत बसायला नकार द्यावा, इतकेच त्यांच्याकडून मागा. “डॉक्टर बघेपर्यंत मी रिक्षाने येते, तुम्हीही चला” हे वाक्य तुमच्यापेक्षा त्यांच्या तोंडून बाबा लवकर ऐकतील.