घड्याळ घरी ठेवून फास्ट लोकल

«ताई, मी 22 वर्षांचा. रोज ठाणे ते दादर लोकलने जातो. तीन महिन्यांपूर्वी गर्दीत अचानक छाती धडधडली, हातांना मुंग्या आल्या, वाटलं आता चक्कर येऊन पडणार. घाटकोपरलाच उतरलो. ईसीजी, थायरॉइड नॉर्मल. तरी असं होतच राहतं. आता स्लो लोकलच धरतो, दाराशी उभा राहतो, मनगटावरच्या घड्याळात सारखे ठोके बघतो. डॉक्टरांनी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी, सुचवली आहे. त्यात नेमकं काय करतात?»

साधारण बारा बैठका, आठवड्याला एक. पहिल्या दोन बैठकांत थेरपिस्ट तुझा अगदी अलीकडचा एकच पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळलेल्या भीतीचा, झटका घेऊन त्याचं चक्र कागदावर काढतील. धडधड झाली, 'आता पडणार' असं वाटलं, भीती वाढली, श्वास भराभर झाला, त्याने मुंग्या आणि गरगर आली, आणि तीच पडण्याची खूण वाटली. या चक्राला जिवंत ठेवतं ते तुझं घड्याळ आणि दार. पडला नाहीस, पण श्रेय त्यांना गेलं.

खरं तर चक्कर येऊन पडायला रक्तदाब घसरावा लागतो. पॅनिकमध्ये तो सहसा वाढतो. गरगर येते ती भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून.

हे नुसतं ऐकून पटत नाही, म्हणून तिसऱ्या बैठकीपासून त्याच संवेदना मुद्दाम आणायच्या. मिनिटभर तोंडाने जोरात, भराभर श्वास. नाक धरून बारीक स्ट्रॉमधून दोन मिनिटं श्वास. मिनिटभर जागेवर गोल फिरणं. प्रत्येकानंतर दोन आकडे लिहायचे, दोन्ही दहापैकी: भीती किती आणि खऱ्या झटक्याशी साम्य किती. साम्य जास्त तोच व्यायाम तुझा.

समज, भराभर श्वासाला भीती 8, साम्य 9. मग आधी लिही: 'तीस सेकंदांत पडेन, खात्री 80 टक्के.' बसून नको, उभं राहून कर, नाहीतर 'बसलो होतो म्हणून वाचलो' ही पळवाट उरते. गरगर सुरू झाल्यावरही तीस सेकंद चालू ठेव. पडलास का? खात्री आता किती? भीती 2-3 वर येईपर्यंत पुन्हा कर, आणि घरी रोज.

बिघडतं ते इथेच. संवेदना आली की लोक थांबतात, पाणी पितात किंवा शिकलेला संथ श्वास सुरू करतात. म्हणजे दाराशी उभं राहणंच झालं! आठव्या बैठकीच्या सुमारास हाच प्रयोग फलाटावर, मग फास्ट लोकलच्या आतल्या भागात, घड्याळाशिवाय. शेवटच्या दोन बैठका झटका पुन्हा आला तर काय करायचं याच्या तयारीला.

दमा, फिट्स किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचार, आणि पहिल्यांदा हे थेरपिस्टसमोरच कर. खिशात गोळी बाळगत असशील तर तेही त्यांना सांग. ती आपणहून बंद करू नकोस, पण न घेतलेली गोळीसुद्धा घड्याळाचंच काम करते.