क्लासची थकलेली फी पालकांकडे कशी मागावी?

प्रश्न: मी घरीच आठवी ते दहावीचे गणित-विज्ञानाचे क्लास घेते. पाच-सहा पालकांची महिन्याची फी राहिली आहे. सगळे ओळखीतले आहेत. वाईट वाटू नये, पण पैसेही यावेत, असा मेसेज कसा लिहू?

उत्तर:

मेसेज लिहायला घेण्याआधी फीची वही आणि बँकेच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मीही तालुक्याच्या गावात क्लास घेतो, आणि आमच्याकडे यात खरा घोळ होतो तो यूपीआयमुळे. मुलगी एका आडनावाची, पैसे आलेले असतात तिच्या मामाच्या खात्यातून, आणि आपल्या वहीत तिच्या नावापुढे जागा कोरी. भरलेली फी पुन्हा मागितली गेली की पालक दुखावतात, आणि तिथे आपल्याकडे उत्तर नसतं. म्हणून पैसे पाठवताना मुलाचं नाव आणि महिना लिहायला सांगा, आणि पैसे आले की दोन शब्दांची पोच लगेच द्या.

आता मेसेज. तो पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. 'काही पालकांची फी बाकी आहे' असं ग्रुपवर लिहिलं, की ज्यांनी वेळेवर भरली ते अस्वस्थ होतात आणि ज्यांची राहिली आहे त्यांना तो दुसऱ्या कुणासाठी आहे असं वाटतं. प्रत्येकाला वेगळा पाठवा. घरात फीचे पैसे कोण देतं हे माहीत असेल तर त्यांनाच पाठवा. बऱ्याच घरांत क्लासच्या ग्रुपवर आई असते आणि पैसे वडील पाठवतात.

समजा फी महिन्याला ९०० रुपये आहे. जूनची पूर्ण आली, जुलैचे ५०० आले, ऑगस्टची आलीच नाही. मग मी असं लिहीन:

'नमस्कार ताई. आर्याच्या क्लासच्या फीचा हिशेब कळवते आहे. जूनची फी पूर्ण मिळाली. जुलैचे ५०० रुपये मिळाले, ४०० राहिले. ऑगस्टचे ९०० धरून एकूण १३०० रुपये बाकी आहेत. १० सप्टेंबरपर्यंत द्याल का? रोख चालतील किंवा याच नंबरवर पाठवा. आधीच पाठवले असतील तर कोणाच्या नावावरून आणि कधी ते सांगा, मी तपासते. एकदम जमत नसेल तर रात्री ८ नंतर फोन करा, बोलून ठरवू.'

यात माफी नाही, आणि 'अन्यथा क्लासला बसू दिलं जाणार नाही' ही धमकीही नाही. मिळालेले पैसे आधी सांगितले की पुढची बाकी टोचत नाही. नुसतं '१३०० बाकी' लिहिलं तर समोरचा विचारतोच, 'जुलैचे दिले होते ना?' तारीखही हवीच. 'जमेल तसं द्या' हे आपण भिडेपोटी लिहितो, पण त्याचा अर्थ घरात 'घाई नाही' असाच घेतला जातो आणि पैसे गॅसवाल्याकडे किंवा दूधवाल्याकडे जातात.

तारीख ठरवताना त्या घरात पैसा कधी येतो ते बघा. नोकरदारांचा पगार पहिल्या आठवड्यात होतो, त्यांना २५ तारखेला आठवण करून उपयोग नाही. डेअरीला दूध घालणाऱ्यांचं बिल बऱ्याच ठिकाणी दर दहा दिवसांनी निघतं. ऊसवाल्यांचं तर कारखान्याच्या बिलावर असतं. अशा एका पालकांशी मी तीन-तीन महिन्यांची फी एकदम घ्यायचं ठरवलं आहे. त्यांना दर महिन्याला आठवण करायची गरजच राहिली नाही.

मुलाच्या हाती निरोप मात्र देऊ नका. 'पप्पांना सांग फी राहिलीये' हे चार मुलांसमोर बोललं गेलं की ते पोर दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहतं. नोट्स अडवणं, टेस्टला बसू न देणं हेही मला पटत नाही. व्यवहार मोठ्यांचा आहे.

दिलेली तारीख उलटली की दोन दिवस थांबून फोन करा, दुसरा मेसेज नको. फोनवर आधी ऐकून घ्या. नोकरी गेलेली असते, घरात आजारपण असतं, किंवा नुसतं विसरलेले असतात. हप्ते ठरले तर फोन ठेवल्यावर लगेच लिहून पाठवा: 'ठरल्याप्रमाणे २० तारखेला ७००, ५ ऑक्टोबरला ६००. सप्टेंबरची फी वेगळी.' शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर चालू महिना त्यातच गेला असं धरलं जातं.

आणि आलेले पैसे नेहमी सगळ्यात जुन्या महिन्यात जमा करा, तसं पोचेत लिहा. आज ७०० आले तर जुलैचे ४०० फिटले, ऑगस्टचे ३०० आले, ६०० राहिले.