प्रतिपदा, पण प्रथमा नाही

'द्वितीया, तृतीया, चतुर्थी यांत आकडा सरळ दिसतो. मग पहिल्या तिथीला प्रथमा का म्हणत नाहीत? आणि हे आकडे मोजतात काय, दिवसच ना?'

प्रतिपदेत आकडा नाहीच. मूळ संस्कृत शब्द 'प्रतिपद्'. प्रति + पद् म्हणजे पाऊल टाकणं, प्रवेश करणं. पक्षात प्रवेश होतो तो प्रतिपदेला. प्राकृतातून येता येता तिचाच पाडवा झाला, जशी द्वितीयेची बीज झाली आणि द्वादशीची बारस.

द्वितीयेपासून चतुर्दशीपर्यंत मात्र सगळी क्रमवाचक विशेषणं आहेत: दुसरी, तिसरी, चौथी. 'तिथी' स्त्रीलिंगी, म्हणून तीही स्त्रीलिंगी. 'विभक्ती'सुद्धा स्त्रीलिंगीच, त्यामुळे व्याकरणातली षष्ठी आणि पंचांगातली षष्ठी हा एकच शब्द आहे. विभक्तीत पहिलीला प्रथमा म्हणतात, कारण तिथे नुसता क्रम सांगायचा आहे. एकादशीचा अर्थही 'अकरा' नव्हे, 'अकरावी'. संस्कृतात अकरा आणि अकरावा या दोन्हींसाठी 'एकादश'च असल्यामुळे हा घोटाळा होतो. शेवटची ई पाहिली की तो मिटतो.

आता अकरावी काय? दिवस नव्हे. अमावास्या संपताना सूर्य आणि चंद्र एका रेखांशावर असतात. तिथून चंद्र सूर्याच्या पुढे जाऊ लागतो आणि दर १२ अंशांच्या अंतराला एक तिथी पुरी होते. शुद्ध चतुर्थी म्हणजे ३६ ते ४८ अंशांचा टप्पा. ती लागते तेव्हा तीनच टप्पे सरलेले असतात. नाव चालू टप्प्याचं असतं.

चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते. दिवसाला तिथी मिळते ती सूर्योदयाला चालू असेल ती. समजा सूर्योदय साडेसहाचा आहे. पंचमी ६ वाजून ५० मिनिटांनी लागली आणि दुसऱ्या दिवशी ५ वाजून ४० मिनिटांनी संपली. पहिल्या सूर्योदयाला चतुर्थी होती, दुसऱ्याला षष्ठी लागलेली. पंचमीला सूर्योदय मिळालाच नाही, म्हणजे तिचा क्षय झाला. नावं दिवस मोजत असती, तर चारानंतर सहा आलेच नसते. उलट एखादी तिथी दोन सूर्योदय गाठते, तेव्हा तिची वृद्धी होते आणि तोच आकडा लागोपाठ दोन दिवस दिसतो.

पौर्णिमा आणि अमावास्या ही नावंही मोजत नाहीत. पौर्णिमेत चंद्र पूर्ण असतो. 'अमा' म्हणजे एकत्र, 'वस्' म्हणजे राहणं, म्हणून सूर्यचंद्र एकत्र राहतात ती अमावास्या. पण पंचांगाचा तिथीचा रकाना पाहा. पौर्णिमेपाशी १५ असतो, मग वद्य पक्षात पुन्हा १ पासून १४ पर्यंत आकडे येतात आणि अमावास्येपाशी १५ ऐवजी ३० छापलेला असतो. पूर्ण महिन्याची मोजणी तेवढ्या एका आकड्यात उरली आहे.