बिल भरण्याची खरी साईट पत्त्यावरून ओळखणे

प्रश्न: बीएसएनएल फायबरचे बिल भरायला गूगलवर शोधले, तर चार-पाच सारख्याच साईट आल्या. एकीने बिलावर ४९ रुपये जास्त लावले. खरी कुठली, हे कसे कळणार?

उत्तर: शोधाच्या निकालांतून खरी साईट निवडायला जाऊच नका. वर ‘प्रायोजित’ असे लिहून येणाऱ्या जागा पैसे देऊन मिळवलेल्या असतात, त्यामुळे तिथले स्थान खरेपणाचा पुरावा ठरत नाही. कंपनीचा पत्ता तुमच्या जुन्या बिलावर छापलेला असतो. तो ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत स्वतः टाइप करा. बीएसएनएलचे मुख्य संकेतस्थळ bsnl.co.in आहे आणि ग्राहकांचे पोर्टल portal.bsnl.in येथे आहे. हे दोन्ही पत्ते अधिकृत असूनही वेगळे दिसतात, आणि नेमक्या याच गोंधळाचा फायदा नकली साईटवाले घेतात.

म्हणून पत्ता वाचण्याची रीत एकदा नीट समजून घ्यावी. `https://` नंतर जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे पत्त्याचा शेवट असतो आणि मालक कोण हे त्या शेवटावरून ठरते. समजा, पत्ता असा आहे:

```
https://portal.bsnl.in.bill-pay.example/login
```

यात सुरुवातीला bsnl.in दिसते खरे, पण रेघेच्या आधी bill-pay.example आहे, म्हणजे ही साईट त्या दुसऱ्याच नावाच्या मालकाची आहे. `.co.in` हा शेवट जोडशब्दासारखा एकच समजायचा आणि त्याच्या अलीकडचा शब्द पाहायचा. कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नका. तुमचा आणि साईटचा संवाद वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते, आणि नकली साईटलाही ते सहज मिळते.

माझ्या आत्याही अशाच एका साईटवर फसल्या होत्या. तिथे बिलाची रक्कम न आणता ती त्यांनाच भरायला लावली होती, आणि ‘सेवा शुल्क’ शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होते. खऱ्या पोर्टलवर खाते किंवा फोन क्रमांक दिला की थकीत रक्कम आपोआप येते. ती आली नाही, तर तिथेच थांबावे. पैसे भरताना पत्ता बदलून पेमेंट गेटवेचा होतो, हे स्वाभाविक आहे, परंतु यूपीआय पिन टाकण्यापूर्वी पैसे घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम जरूर वाचा. बँकेच्या अ‍ॅपमधून ‘भारत कनेक्ट’ या बिल भरण्याच्या देशव्यापी व्यवस्थेद्वारेही बिल भरता येते, काही अ‍ॅप त्यावर शुल्क घेतात, पण ते आधी दाखवतात, तेव्हा त्याला फसवणूक म्हणता येणार नाही.

पैसे गेले असतील आणि बिल मात्र थकीतच दिसत असेल, तर बँकेला कळवा आणि त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवा. व्यवहार क्रमांक आणि त्या साईटचा पूर्ण पत्ता जवळ ठेवा, कारण तक्रार करताना दोन्ही उपयोगी पडतात.