पंचवीस टन काँक्रीट कोणी ओतलं?

"मॅडम, माझा सिमिलॅरिटी रिपोर्ट ६ टक्के आलाय, म्हणजे दहाच्या आत. तरी गाईड सर म्हणतात, डेटाचा संदर्भ दिलेला नाही, हे गैरवर्तनात मोडतं. आकड्यांत चोरी कसली? बराचसा डेटा नेटवर फुकट होता, थोडा आमच्याच लॅबमधल्या सिनिअरचा, आणि तो तर सरांनीच दिलेला. सबमिशनला १२ दिवस उरलेत."

तो एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला होता, स्थापत्य अभियांत्रिकीचा. लॅपटॉप आणि स्पायरल बाइंडिंग केलेला मसुदा घेऊन माझ्यासमोर बसला. विषय असा: फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख, घातलेल्या काँक्रीटची ताकद मशीन लर्निंगने आधीच सांगता येते का. मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मसुद्याचं तिसरं प्रकरण उघडलं. पहिल्याच परिच्छेदात वाक्य होतं, की एकूण १०५१ मिश्रणांची चाचणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घेण्यात आली आणि प्रत्येक मिश्रणाची ताकद ही तीन क्यूबची सरासरी आहे.

मी स्थापत्यातली नाही, म्हणून त्यालाच विचारलं, "एका क्यूबचं वजन किती असतं रे?"

"१५० मिलिमीटरचा क्यूब. आठ किलोच्या आसपास."

"मग १०५१ गुणिले तीन गुणिले आठ कर."

त्याने फोनवर गुणाकार केला. सुमारे पंचवीस टन. एवढं काँक्रीट एकट्याने ऑक्टोबर ते मे या काळात मिसळलं, साच्यात भरलं, क्युअरिंगच्या टाकीत बुडवलं आणि सीटीएमवर, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रावर, फोडलं, असं त्याचा प्रबंध सांगत होता. त्याच्या डेटामधल्या age या रकान्यात तर ३६५ दिवसांच्याही नोंदी होत्या. आठ महिन्यांच्या कामात वर्षभर जुनं काँक्रीट आलं कुठून? एक्स्टर्नलला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला, हे कळायला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही. तो क्यूब रजिस्टर मागतो आणि कॅस्टिंगची तारीख बघतो.

तो खोटारडा मुलगा नव्हता, हे लिहायलाच हवं. ते वाक्य त्याने सिनिअरच्या प्रबंधातून साचा म्हणून घेतलं होतं आणि फक्त आकडा बदलला होता. असले साचे प्रत्येक विभागात पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात, आणि मला त्यांचा भयंकर राग आहे.

टक्केवारीचा गैरसमज आधी मिटवला. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४०, ६० अशा पायऱ्या आहेत, हे खरं. पण ती मोजणी मजकुराच्या साम्याची आहे. सॉफ्टवेअर वाक्यांची जुळणी शोधतं. एक्सेलमधून घेतलेला आणि नव्याने आखलेला तक्ता त्याच्या नजरेतून सहज निसटतो, आणि आलेखाचं चित्र तर ते बहुधा वाचतही नाही. वाङ्मयचौर्याची व्याख्या मात्र टक्क्यांवर उभी नाही. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून पुढे करणं, एवढीच ती आहे. अमेरिकेच्या संघराज्य नियमांत तर दुसऱ्याच्या शब्दांच्या जोडीला ‘रिझल्ट्स’, म्हणजे प्रयोगातून हाती आलेले आकडेही, नाव घेऊन घातले आहेत. शिवाय इथे दुसरीही गोष्ट होती. न केलेला प्रयोग केला म्हणून सांगणं. त्याला चौर्य म्हणत नाहीत, बनावट डेटा म्हणतात, आणि ते जास्त जड जातं.

मग मी त्याला एक्सेलमध्ये एक नवा रकाना घालायला सांगितला: ‘ही ओळ कुठून आली’. दीड तास गेला. शेवटी चित्र असं निघालं, की ९ ओळी त्याच्या स्वतःच्या, म्हणजे २७ क्यूब. १२ ओळी सिनिअरच्या. उरलेल्या १०३० ओळी त्याने नेटवरून, कोणीतरी पुन्हा चढवलेल्या फाइलमधून उतरवल्या होत्या. त्या पानावर चढवणाऱ्याचं टोपणनाव होतं, मूळ कर्त्याचं नाही.

१०३० हा आकडा या क्षेत्रातल्या माणसांना पाठ असतो. आठ घटक, एक उत्तर, १०३० ओळी. हा तैवानच्या आय-चेंग येह यांचा डेटासेट. १९९८ साली त्यांनी न्यूरल नेटवर्कने काँक्रीटची ताकद सांगण्यावर लेख लिहिला, त्यासाठी जमवलेला हा डेटा, आणि तोही एका प्रयोगशाळेतला नव्हे, तर सतरा वेगवेगळ्या स्रोतांतला. यूसीआय या अमेरिकन विद्यापीठाच्या डेटासेट-भांडारात तो `Concrete_Data.xls` या नावाने आहे. तिथे त्याचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, दिलेला आहे आणि परवाना CC BY 4.0 असा लिहिलेला आहे. म्हणजे वापर, बदल, काहीही करा, पण श्रेय द्या. ‘फुकट’ आणि ‘बिननावाचं’ यांतला फरक त्या एका ओळीत आहे.

"पण मॅडम, नाव घातलं काय, न घातलं काय, आकडे तेच राहणार ना?"

हा प्रश्न मला दर वर्षी येतो. त्याचं उत्तर या वेळी त्याच्याच पाचव्या प्रकरणात सापडलं. त्याने लिहिलं होतं, की मॉडेलचा अंदाज त्याच्या नऊच्या नऊ मिश्रणांत प्रत्यक्ष ताकदीपेक्षा कमी आला, यावरून स्थानिक फ्लाय ॲशचा दर्जा उत्तम असल्याचं दिसतं. निष्कर्षांच्या यादीत हे दुसऱ्या क्रमांकावर, ठळक अक्षरांत.

मी त्याला येह यांचा मूळ लेख लायब्ररीतून काढायला लावला. त्यात लिहिलंय, की वेगवेगळ्या आकारांच्या नमुन्यांची ताकद १५ सेंटिमीटरच्या दंडगोलाच्या हिशेबात बदलून घेतली आहे. आपल्याकडे क्यूब फोडतात. एकाच काँक्रीटचा दंडगोल क्यूबपेक्षा कमी ताकद दाखवतो, ढोबळमानाने आठ दशांश. म्हणजे मॉडेल शिकलं दंडगोलांवर आणि तपासलं गेलं क्यूबवर. अंदाज कमी येणारच होता. फ्लाय ॲश बिचारी यात कुठेच नव्हती.

तो बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. मूळ लेखाचा संदर्भ द्यायचा म्हणून जरी त्याने तो उघडला असता, तर हा निष्कर्ष लिहिलाच नसता. आणि संदर्भ नसल्यामुळे वाचणाऱ्यालाही चूक पकडायचा मार्ग उरला नव्हता, कारण प्रबंध सांगत होता की सगळे क्यूबच आहेत.

दुसरी गंमत त्याने स्वतः शोधली. `df.duplicated().sum()` चालवलं तर येह यांच्या डेटात २५ ओळी जशाच्या तशा दुबार निघाल्या. उरतात १००५. त्याने त्या न काढता प्रशिक्षण आणि चाचणी असे भाग पाडले होते, म्हणजे काही ओळी दोन्हीकडे जाऊ शकत होत्या आणि मॉडेल आधीच पाहिलेल्या ओळींवर तपासलं जाऊ शकत होतं. स्रोत, आवृत्ती आणि आपण काय गाळलं हे लिहिण्याची सवय असती, तर हे मोजणं आपोआप झालं असतं.

हे काँक्रीटपुरतं नाही. मागे एक मुलगी आली होती, तिने पुण्याच्या हवामान विभागाचा ग्रिड केलेला पावसाचा डेटा, म्हणजे ०.२५ अंशांच्या चौकटींचा, वापरला आणि लिहिलं ‘पर्जन्यमापकाच्या नोंदी’. तो डेटा ६९५५ केंद्रांच्या नोंदींवरून चौकटींत बसवलेला आहे, आणि ते कसं केलं ते पै आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘मौसम’ नियतकालिकात सांगितलंय. चौकटीतला आकडा हा अंदाज आहे, तिथे मापक असेलच असं नाही. सरकारी आहे म्हणून नाव नको, असं तिलाही वाटलं होतं.

सिनिअरच्या १२ ओळींचा प्रश्न जास्त नाजूक होता, कारण तिथे ‘सरांनीच दिला’ हे वाक्य आडवं येतं. सरांनी दिला याचा अर्थ वापरायला परवानगी मिळाली. तो तू केलास असा त्याचा अर्थ होत नाही. त्या ३६ क्यूबसाठी कुणीतरी सकाळी टाकीतून हात घालून नमुने काढलेत. त्यांचा प्रबंध लायब्ररीत आहे, तर लेखक, वर्ष, प्रबंधाचं नाव आणि तक्त्याचा क्रमांक देऊन संदर्भ होतो. त्यातल्या तीन ओळी मात्र त्या प्रबंधात नव्हत्या, फक्त रजिस्टरमध्ये होत्या. तिथे तक्त्याखाली लिहायचं: अप्रकाशित नोंद, प्रयोगशाळेचं क्यूब रजिस्टर, चाचणीची तारीख, कोणी केली, आणि त्यांच्या परवानगीने. त्याने सिनिअरला फोन केला. ती खूश झाली, वर म्हणाली की त्यातला एक गट बरोबर क्युअर झाला नव्हता, तो वापरू नकोस. म्हणजे आणखी एक ओळ गेली. उरल्या ११.

येह यांच्यासाठी संदर्भसूचीत दोन नोंदी गेल्या, एक १९९८च्या लेखाची आणि एक डेटासेटची. डेटासेटची अशी:

```
Yeh, I. (1998). Concrete Compressive Strength [Dataset].
UCI Machine Learning Repository.
https://doi.org/10.24432/C5PK67
```

पण संदर्भसूचीत शेवटी एक ओळ टाकून सुटका होत नाही, हे मुलांना पटवणं कठीण जातं. मजकुरात, जिथे आकडा पहिल्यांदा येतो तिथे, आणि प्रत्येक तक्त्याच्या व आलेखाच्या मथळ्यात स्रोत दिसला पाहिजे. तिसऱ्या प्रकरणाचं वाक्य त्याने असं लिहिलं: "या अभ्यासात १०२५ मिश्रणांच्या नोंदी वापरल्या. त्यांपैकी १००५ येह (१९९८) यांच्या डेटासेटमधून, दुबार २५ ओळी वगळून. ११ याच प्रयोगशाळेतील पूर्वीच्या कामातून. आणि ९ मिश्रणांची चाचणी प्रस्तुत लेखकाने केली." आलेखात तिघांना तीन वेगळी चिन्हं दिली. फ्लाय ॲशचा निष्कर्ष काढून टाकला. त्या जागी दंडगोल आणि क्यूब यांच्या फरकावर दीड पान आलं. क्यूबची ताकद ०.८ने गुणून मॉडेल पुन्हा चालवलं.

त्याला भीती होती ती ‘९’ या आकड्याची. १०५१ म्हणणारा प्रबंध भारदस्त वाटत होता. मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. नऊ मिश्रणं थोडीच आहेत, आणि परीक्षक तसं म्हणू शकतो. पण नऊ मिश्रणांचं काम कमी पडलं तर गुण कमी होतात. १०४२ परक्या ओळी स्वतःच्या म्हणून सापडल्या, तर प्रकरण विभागाच्या शैक्षणिक सचोटी समितीपुढे जातं. सबमिशनआधी गाईडना सांगून पानं बदलणं ही दुरुस्ती ठरते. सबमिशननंतर तेच पान पुरावा होतं. त्याच संध्याकाळी तो सरांना भेटला. सरांनी चार दिवस वाढवून घेतले.

जुलैमध्ये त्याचा फोन आला. एक्स्टर्नलनी क्यूब रजिस्टर मागितलं, नऊ मिश्रणं ताडून पाहिली आणि ते बाजूला ठेवलं. मग म्हणे पाऊण तास वाद झाला तो भलत्याच गोष्टीवर. सगळ्या ताकदींना सरसकट ०.८ कसं लावलंस, जास्त ताकदीच्या काँक्रीटला हे प्रमाण बदलतं, ते का नाही बघितलंस?

"उत्तर आलं का?" मी विचारलं.

"अर्धवट. ते म्हणाले, सुधारून आण."