'पराभव' की 'प्रभव'? संवत्सराचं नाव वाचताना

विचारणा: आमच्या गावात पाडव्याला गुरुजी संकल्पात 'पराभवनाम संवत्सरे' म्हणाले. मध्य प्रदेशातून आलेल्या हिंदी कॅलेंडरवर मात्र याच वर्षाला 'रौद्र' लिहिलं आहे. बरोबर कोणतं? आणि घरात आजोबांनी मामाच्या जन्माचं टिपण ठेवलं आहे, त्यात 'शके १८८' एवढंच उरलंय, पुढचा आकडा वाळवीनं खाल्ला. त्यापुढं 'पराभव' की 'प्रभव' असं काहीतरी 'नाम संवत्सरे, माघ मासे' आहे. हे कसं वाचायचं?

उत्तर: टिपणापासून सुरुवात करू, कारण त्यातच सगळी रीत येते.

साठ नावांची माळ 'प्रभव'पासून सुरू होते आणि 'क्षय'वर संपते. आपल्याकडच्या शालिवाहन शकाशी तिचं नातं अगदी सरळ आहे. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, जी बाकी उरेल तो नावाचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावं नाव, म्हणजे क्षय. यंदाचं शके १९४८ घ्या. १२ मिळवले की १९६०. त्यात ६० बत्तीस वेळा जातात, म्हणजे १९२०, आणि बाकी ४०. चाळिसावं नाव पराभव. गेल्या वर्षी ३९ होतं, विश्वावसू. पुढचं ४१, प्लवंग.

आता तुमचा खाल्लेला आकडा. शके १८८० ते १८८९ यांतलंच एखादं वर्ष असणार. १८८० ला १२ मिळवून भागलं की बाकी ३२ येते, १८८९ ला ४१. म्हणजे या दहा वर्षांत ३२ ते ४१ एवढीच नावं बसतात. 'प्रभव' पहिलं नाव, ते शके १८४९ ला होतं आणि नंतर थेट १९०९ ला आलं. ते इथं बसूच शकत नाही. 'पराभव' बसतं, आणि एकाच ठिकाणी, १८८८ ला. तेव्हा हरवलेला आकडा ८ आणि नाव पराभव. आकडा आणि नाव एकमेकांचे साक्षीदार असतात ते असे. दोन्हींपैकी एक गेलं तरी दुसऱ्यावरून पुष्कळ सावरता येतं. दशकाचाही आकडा गेला असता, तर मात्र निर्णय झाला नसता. नाव साठ वर्षांनी परत येतं आणि १८२८ लाही पराभवच होतं. मग माणसांच्या वयावरूनच ठरवावं लागलं असतं.

इंग्रजी साल काढताना जपा. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतं. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास किंवा थोडा पुढे येतो, तेव्हा मामांचा जन्म १९६६ चा नाही, १९६७ चा आहे. जुन्या टिपणांवरून लावलेल्या तारखांत हीच एका वर्षाची चूक सगळ्यात जास्त आढळते.

'प्रभव' आणि 'पराभव' यांत डोळा फसतो यात नवल नाही. दोन्ही 'भू' या एकाच धातूचे. प्र लागून प्रभव झालं, म्हणजे उगम. परा लागून पराभव झालं, म्हणजे हार, नाहीसं होणं. दुसरं नाव विभव, तेही त्याच घरातलं. हातानं लिहिताना 'रा'चा काना पुसट झाला की संपलं. अशा जोड्या आणखी आहेत: प्लव आणि प्लवंग, क्रोधी आणि क्रोधन, प्रमाथी आणि प्रमादी, विरोधी आणि विरोधकृत्. यांपैकी नाव आलं की भागाकार केल्याशिवाय वाचन पक्कं धरू नये.

लग्नपत्रिकेत 'पराभव' छापायला लोक कचरतात. नको कचरू. ते वर्षाचं विशेषनाम आहे, वर्णन नाही. 'पराभवनाम संवत्सरे' म्हणजे 'पराभव हे नाव असलेल्या वर्षी'. शेवटचा 'ए' संस्कृतातली सप्तमी आहे, मराठीतल्या '-त'चं काम करतो. म्हणून 'पराभव नामे संवत्सर' हे बरोबर नाही. आणि 'पराभवनाम' एकत्र लिहावं, कारण तो समास आहे. गेल्या वर्षाचं नाव सुटं लिहिताना मराठीत 'विश्वावसू' दीर्घ, पण समासात 'विश्वावसुनाम' ऱ्हस्व, जसं गुरू आणि गुरुकृपा. तसंच क्रोधी, पण क्रोधिनाम.

आता 'रौद्र'. तेही चूक नाही, ती दुसरी मोजणी आहे. या नावांचं मूळ गुरू ग्रहात. गुरू मध्यम गतीनं एक रास साधारण ३६१ दिवसांत ओलांडतो, म्हणजे सौर वर्षाच्या चार दिवस आधी. हे चार-चार दिवस साचत जातात आणि ८५ सौर वर्षांत गुरूची ८६ वर्षं होऊन जातात. गुरूशी इमान राखायचं तर मधूनमधून एक नाव गाळावं लागतं. नर्मदेच्या उत्तरेला ही गाळणी चालू राहिली. दक्षिणेकडे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती सुटली आणि दर पाडव्याला एक नाव, ओळीनं, असं ठरून गेलं. तेव्हापासून उत्तरेची मोजणी तेरा-चौदा नावांनी पुढे गेली आहे. पराभव चाळिसावं, रौद्र चौपन्नावं. विदर्भ नर्मदेच्या दक्षिणेला, म्हणून आपल्या संकल्पात पराभवच. धारणी, वरूड, गोंदियाकडे हिंदी पंचांगं घरोघर दिसतात, तिथं हा घोळ जास्त. ओळखायचं कसं? कॅलेंडरवर 'विक्रम संवत् २०८३' ठळक आणि शक बारीक असेल, तर नाव बहुधा उत्तरेच्या रीतीचं समजा. शकावरून भागाकार करून पाहिलं की लगेच कळतं.

घोळाची एक जागा अजून आहे. हे संवत्सर १९ मार्च २०२६ ला सुरू झालं आणि ६ एप्रिल २०२७ पर्यंत चालेल. अधिक ज्येष्ठामुळे ते ३८४ दिवसांचं आहे. पाडवा ते पाडवा साल धरणाऱ्या सालगड्याचंही साल यंदा तेरा महिन्यांचं भरतं, आणि तेराव्या महिन्याचं काय, हे आधी बोलून ठेवलेलं बरं. राजपत्रावरचा शक मात्र भारतीय सौर पंचांगाचा, तो २२ मार्चला बदलतो. म्हणजे २२ मार्च ते ६ एप्रिल २०२७ या दिवसांत सरकारी कागदावर शके १९४९ असेल आणि पंचांगात १९४८. त्या पंधरवड्यातल्या राजपत्रावरचा शक घेऊन भागाकार केला तर प्लवंग येईल, आणि ते चुकेल. त्या दिवसांत मुहूर्ताच्या पत्रिकेत नाव पराभवच घालायचं.